व्हॉट्सॲपवरचे १४० फॉर्म आणि ६४० दारांची यादी

प्रश्न : मी प्रथम वर्ष कला शाखेत शिकते. मीरा रोड पूर्वेला आमचे १६ इमारतींचे, ६४० घरांचे संकुल आहे. ‘आमच्या संकुलात किती कुटुंबांना पाणी अपुरे पडते?’ हा माझ्या प्रकल्पाचा विषय. मी गूगल फॉर्म तयार केला आणि सोसायटीच्या, शिवाय मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. १४० जणांनी तो भरला. त्यातले १०२ जण म्हणाले, पाणी अपुरे पडते. मी कोणालाही मुद्दाम निवडले नव्हते, म्हणून अहवालात ‘यादृच्छिक नमुना’ असे लिहिले. सरांनी त्याखाली लाल रेघ मारली. माझे काय चुकले?

उत्तर : सरांची रेघ योग्य आहे. तुम्ही कोणाला निवडले नाहीत हे खरे, पण चिठ्ठ्या टाकूनही कोणी निवडले गेले नाही. लोकांनी स्वतःच स्वतःला निवडले. नमुना संभाव्यता पद्धतीचा आहे की नाही हे ओळखायला दोन गोष्टी पाहाव्या लागतात. ज्यांच्याविषयी बोलायचे आहे त्या प्रत्येकाला नमुन्यात येण्याची काही ना काही संधी होती का? आणि ती संधी किती होती, हे आकड्यात सांगता येते का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर तो संभाव्यता नमुना. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर तो असंभाव्यता नमुना, मग तो कितीही मोठा असो.

म्हाडाच्या सोडतीचे उदाहरण घ्या. तिथे अर्जदारांची पक्की यादी असते, किती घरे आहेत ते माहीत असते आणि नाव निघते ते सोडतीतून. त्यामुळे प्रत्येक अर्जदाराची संधी आधीच सांगता येते. तुमच्या फॉर्मला अशी यादीच नव्हती. भाड्याने राहणारी कितीतरी कुटुंबे सोसायटीच्या ग्रुपवर नसतात, म्हणजे त्यांची संधी शून्य. एकाच घरातून आई आणि मुलगी दोघींनी फॉर्म भरला असेल. मैत्रिणींच्या ग्रुपमधून तर दुसऱ्याच संकुलातले लोक आले असतील. आणि पाण्यासाठी रोज बादल्या भरून ठेवणारी बाई फॉर्म भरायला जितक्या तातडीने बसेल, तितक्या तातडीने ज्यांच्या नळाला धो धो पाणी येते ते बसणार नाहीत.

याने निष्कर्ष किती हलतो ते मांडून पाहू. समजा तुमच्या ६४० कुटुंबांपैकी प्रत्यक्षात २५६ कुटुंबांना, म्हणजे ४० टक्क्यांना, पाणी अपुरे पडते. त्रास असलेल्या २५६ पैकी ४० टक्क्यांनी फॉर्म भरला, तर झाले १०२ फॉर्म. त्रास नसलेल्या ३८४ पैकी फक्त १० टक्क्यांनी भरला, तर झाले ३८. एकूण १४०, आणि त्यात ‘अपुरे’ म्हणणारे १०२, म्हणजे ७३ टक्के. हे अगदी तुमचेच आकडे आहेत. याचा अर्थ, तुमच्या ७३ टक्क्यांमागे ४० टक्क्यांचे वास्तव दडलेले असू शकते. कदाचित वास्तवही ७३ टक्केच असेल. पण यातले कोणते खरे, हे त्या १४० फॉर्मवरून ठरवता येत नाही. तुम्ही आणखी आठवडाभर आठवण करून देत राहून २८० फॉर्म मिळवले आणि दोन्ही गटांचा उत्साह त्याच प्रमाणात वाढला, तरी उत्तर ७३ टक्केच येईल. फॉर्म वाढल्याने ही चूक कमी होत नाही, उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो.

प्रश्न : मग संकुलातल्या ६४० घरांमधून योग्य नमुना काढायचा कसा? सगळ्या घरी जायला वेळ नाही. प्रत्येक इमारतीतली साधारण सरासरी वाटणारी चार-पाच घरे मीच निवडली तर?

उत्तर : तुमच्याकडे एक मोठी सोय आहे, ती म्हणजे यादी. १६ इमारती, प्रत्येकी १० मजले, मजल्यावर चार सदनिका. क्रमाने लिहिले की १ ते ६४० अशी यादी तयार. कोणालाही फोन न करता, फाटकावरच्या फलकांवरून ती बनते. या यादीला नमुना-चौकट म्हणतात. चौकट हातात असेल तर संभाव्यता पद्धत सोडायचे कारण उरत नाही.

सरासरी वाटणारे घर आपण डोळ्यांनी निवडतो तेव्हा ओळखीचे, दार उघडे असलेले, लिफ्टजवळचे घर निवडले जाते, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. शेतीच्या आकडेवारीत हा धडा फार पूर्वी शिकला गेला. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी सर्वेक्षणांची यादृच्छिक पद्धत घडवण्यात मोठा वाटा उचलला. पीक कापणी प्रयोगात शेताचा कोणता तुकडा कापायचा हे अधिकाऱ्याच्या नजरेवर सोडत नाहीत. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावले लांबीत आणि किती रुंदीत जायचे, हे यादृच्छिक आकडे सांगतात. तुकडा विरळ निघाला तरी तोच कापायचा. तुमच्या बाबतीत ज्या दाराचा क्रमांक निघेल त्याच दाराची बेल वाजवायची.

सर्वांत सोपी पद्धत क्रमबद्ध नमुन्याची. सुमारे ८० घरे हवीत, म्हणून ६४० ला ८० ने भागून दर आठवे घर घ्यावे असे वाटेल. इथे जरा थांबा, कारण तुमच्या संकुलात हाच आकडा घात करील. समजा सुरुवात पाचव्या घरापासून झाली. मग पहिल्या इमारतीत ५, १३, २१, २९ आणि ३७ वे घर येईल, म्हणजे २०१, ४०१, ६०१, ८०१ आणि १००१. प्रत्येक वेळी मजल्यावरचे पहिलेच घर, आणि मजले फक्त सम. एका इमारतीतल्या ४० घरांना ८ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे दुसऱ्या इमारतीतही हीच पाच घरे, आणि सोळाव्यातही हीच. ते पहिले घर एकाच बाजूच्या पाइपवर असेल, किंवा सगळी पहिली घरे मोठ्या सदनिका असतील, तर नमुन्याला बाकीच्या घरांचा पत्ताच लागणार नाही. यादीतला क्रम आणि आपले अंतर यांची अशी गाठ पडते का, हे पहिली १०-१५ घरे काढली की लगेच दिसते. म्हणून ती काढून पाहायचीच.

आता अंतर ८ ऐवजी ७ घेऊ. सुरुवात १ ते ७ मधून चिठ्ठीने काढा, किंवा संगणकावरच्या तक्त्यात एकदाच हे लिहा :

```
=RANDBETWEEN(1,7)
```

आलेला आकडा लगेच वहीत उतरवा. पान उघडताच हे सूत्र नवा आकडा देते, आणि आवडता आकडा येईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबत बसलो तर ती निवड आपलीच होते. समजा ३ आला. मग पहिल्या इमारतीत १०३, ३०२, ५०१, ६०४, ८०३, १००२ ही घरे निघतात आणि दुसऱ्या इमारतीत गाडी २०१ पासून सुरू होते. मजले आणि जागा दोन्ही बदलत राहतात. शेवटपर्यंत गेलात की ९२ घरे होतात. प्रत्येक घराला नमुन्यात येण्याची संधी होती सातात एक. हा आकडा सांगता येतो, म्हणूनच हा संभाव्यता नमुना.

कोणी सुचवेल की सोळा इमारती कशाला पालथ्या घालायच्या, दोन इमारती चिठ्ठीने निवडा आणि त्यातली सगळी ८० घरे विचारा. याला समूह नमुना म्हणतात, आणि तोही संभाव्यता नमुनाच आहे. पण पाण्याच्या प्रश्नाला तो महागात पडतो. एका इमारतीची गच्चीवरची टाकी एक, पंप एक, पंप चालवणाराही एक. तिथली पहिली पाच-सहा घरे जे सांगतील तेच बाकीची बरीचशी सांगतील. कागदावर ८० उत्तरे दिसतील, पण खऱ्या अर्थाने तुम्ही दोनच टाक्या पाहिलेल्या असतील. याच कारणाने राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एका वस्तीतून मोजकीच घरे घेतात. या सर्वेक्षणाचे काम मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था पाहते. २०१९ ते २०२१ च्या फेरीत आधी गावे आणि शहरी गणना-गट निवडले, निवडलेल्या प्रत्येक ठिकाणी घरांची नवी यादी केली आणि तिच्यातून क्रमबद्ध पद्धतीने २२ घरे काढली. तुम्ही फाटकावरून यादी करून दर सातवे घर काढता आहात, ते याच पद्धतीचे छोटे रूप आहे.

प्रश्न : निघालेल्या घराला कुलूप असेल तर शेजारच्या घरी विचारले तर चालेल का?

उत्तर : नाही. चांगले नमुने बहुतेक इथेच बिघडतात. सकाळी सातची गाडी पकडून रात्री नऊला परतणारे जोडपे तुम्हाला दुपारी भेटणार नाही. त्याच्याऐवजी शेजारचे घर घेतले, तर दिवसभर घरी असणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण हळूहळू वाढत जाते. पाणी दुपारी सोडत असतील तर या दोन प्रकारच्या घरांचा अनुभव अगदी वेगळा असतो. म्हणून त्याच घरी पुन्हा जा : एकदा संध्याकाळी, एकदा रात्री, एकदा रविवारी. कायमची रिकामी पडलेली सदनिका मात्र यादीतून वगळा, कारण तिथे कुटुंबच नाही. तिची नोंद वेगळी ठेवा.

तरीही काही घरे हाती लागणार नाहीत. समजा ९२ पैकी ८१ घरांनी उत्तर दिले आणि त्यातली ३२ म्हणाली, पाणी अपुरे पडते. म्हणजे सुमारे ४० टक्के. एवढ्या नमुन्यात केवळ सोडतीच्या योगायोगाने ९५ टक्के खात्रीने सुमारे १० टक्के इकडे-तिकडे होऊ शकते, म्हणून संकुलातला खरा आकडा ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे साधारण १९० ते ३२० कुटुंबे, असा अंदाज तुम्ही देऊ शकता. न भेटलेल्या ११ घरांचाही हिशोब करा. ती सगळी ‘पुरेसे’ म्हणाली असती तर ९२ मध्ये ३२, म्हणजे ३५ टक्के. सगळी ‘अपुरे’ म्हणाली असती तर ४३, म्हणजे ४७ टक्के. या दोन टोकांमुळे वाचकाला कळते की न भेटलेल्या घरांनी तुमचा नमुन्यातला आकडा जास्तीत जास्त किती हलवला असता. व्हॉट्सॲपच्या फॉर्मवर असा कोणताच हिशोब करता येत नव्हता, कारण किती जणांनी तो पाहिला आणि सोडून दिला हे कोणालाच माहीत नाही.

प्रश्न : आमच्या संकुलाला लागून एक चाळवस्ती आहे. तिथले लोकही घ्यावेत असे मैत्रीण म्हणते. त्यांना सोसायटीवाल्यांमध्येच मिसळू का?

उत्तर : त्यांना घ्या, पण वेगळा थर म्हणून घ्या. तुमच्या शेजारच्या दहिसरचेच उदाहरण आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईत कोविडचे सीरो-सर्वेक्षण झाले. त्यासाठी आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर हे तीन विभाग घेतले होते, आणि दहिसर आर-उत्तर विभागात येते. झोपडपट्ट्या आणि इतर वस्ती यांचे नमुने वेगळे ठेवले होते. जाहीर झालेले निष्कर्ष असे : झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे, इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. विभाग तेच आणि आठवडेही तेच. कोणी फक्त सोसायट्यांमध्ये फिरला असता तर साथ अजून लांब आहे असे सांगून मोकळा झाला असता.

थर केले की शेवटी बेरीज नीट करावी लागते. समजा चाळीत १६० घरे आहेत आणि तुम्ही दोन्ही थरांतून ६०-६० घरे काढली. सोसायटीत ३० टक्के आणि चाळीत ७० टक्के घरांना पाणी अपुरे पडते असे दिसले. सरळ सरासरी ५० येते, पण ती चूक आहे, कारण ८०० घरांमध्ये सोसायटीचा वाटा ८० टक्के आणि चाळीचा २० टक्के आहे. ३० चे ८० टक्के २४, ७० चे २० टक्के १४, बेरीज ३८. दोन्ही थरांना मिळून उत्तर ३८ टक्के. अहवालात ३० आणि ७० हे दोन आकडे आधी लिहा आणि ३८ नंतर, कारण खरी गोष्ट त्या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीला उत्तनच्या मासळी विकणाऱ्या बायकांवर प्रकल्प करायचा आहे. त्यांची यादी कुठेच नाही. म्हणजे तिचा प्रकल्प अशास्त्रीय ठरेल का?

उत्तर : नाही. ‘किती टक्के’ असा दावा केला नाही तर तिचा प्रकल्प पूर्ण शास्त्रीय होऊ शकतो. उत्तनमध्ये बोटींची नोंदणी असते आणि मच्छीमार सहकारी संस्थांकडे सभासदांच्या याद्या असतात. त्यामुळे बोटमालकांवर प्रकल्प असता तर संस्थेची परवानगी घेऊन चिठ्ठ्या टाकता आल्या असत्या. टोपली घेऊन बाजारात, लोकलमध्ये, दारोदारी मासळी विकणाऱ्या बायकांची तशी नोंद नाही. त्यांचा दिवस कसा जातो, बर्फ आणि वाहतूक यांवर खर्च कसा होतो, बाजारातली जागा कशी टिकवतात, हे प्रश्न ‘कसे’ आणि ‘का’ चे आहेत. त्यांना असंभाव्यता पद्धतच लागू पडते.

मैत्रिणीने सहेतुक निवड करावी : बाजारात ठरलेली जागा असलेल्या, फिरून विकणाऱ्या, वयस्कर, नव्याने या धंद्यात आलेल्या, अशा प्रत्येक प्रकारच्या काही जणी. फिरून विकणाऱ्या सापडत नसतील तर एकीने दुसरीचे नाव सांगायचे, दुसरीने तिसरीचे. हा हिमगोल नमुना. त्याचा धोका ठाऊक असावा : साखळी एकाच आळीत, एकाच नात्यागोत्यात फिरत राहते. म्हणून सुरुवात एकाच बाईपासून न करता तीन-चार वेगवेगळ्या पाड्यांतून करावी, आणि कोणी कोणाचे नाव सांगितले त्याचा तक्ता ठेवावा. नव्या मुलाखतीत नवे काही ऐकू येईनासे झाले की थांबावे. तिचा निष्कर्ष ‘बायकांना येणाऱ्या अडचणी या या प्रकारच्या आहेत’ असा असेल. ‘६० टक्के बायकांना ही अडचण आहे’ असे मात्र तिने लिहू नये, तशी टक्केवारी तिच्या वहीत निघाली तरीही.

प्रश्न : हे सगळे एका तक्त्यात मांडून द्याल का? पहिल्या वर्षाच्या कोणालाही वापरता येईल असा.

उत्तर : देतो. पहिल्या ओळीपासून सुरुवात करा आणि बाण सांगेल त्या ओळीवर जा.

१. पूर्ण गटाबद्दल ‘किती’ किंवा ‘किती टक्के’ सांगायचे आहे का?
होय → २. नाही, ‘कसे’ किंवा ‘का’ समजून घ्यायचे आहे → ६.

२. गटातल्या प्रत्येकाची यादी मिळते का, किंवा फिरून बनवता येते का?
होय → ३. नाही → ५.

३. वेळेत सगळ्यांना विचारता येईल का?
होय → सगळ्यांनाच विचारा, नमुना नको. नाही → ४.

४. गटात ठळक वेगळे थर आहेत आणि यादीत ते ओळखता येतात का?
होय → स्तरित नमुना. शेवटी थरांचा वाटा धरून बेरीज करा. नाही → साधा यादृच्छिक नमुना किंवा क्रमबद्ध नमुना. क्रमबद्ध घेतल्यास यादीचा क्रम तपासा.

५. माणसांची यादी नाही, पण इमारती, वर्ग, बोटी, मतदान केंद्रे अशा जागांची यादी आहे का?
होय → समूह नमुना. जागा चिठ्ठीने काढा, तिथे यादी करा, प्रत्येक ठिकाणी थोडीच घरे घ्या आणि जागा जास्त घ्या. नाही → गट लहान करून २ वर परत जा. तेही जमत नसेल तर ‘किती’ चा दावा सोडून ६ वर जा.

६. ज्यांच्याशी बोलायचे ते लोक बाहेरच्याला सापडत नाहीत, पण एकमेकांना ओळखतात का?
होय → हिमगोल नमुना, वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात करून. नाही → ७.

७. ठरावीक अनुभव असलेली माणसे हवी आहेत का?
होय → सहेतुक नमुना. निवडीचे निकष आधीच लिहून ठेवा. नाही → ८.

८. वय, स्त्री-पुरुष अशा गटांतून ठरलेल्या संख्येने लोक हवे आहेत का?
होय → कोटा नमुना. आकडा भरला तरी निवड तुमचीच आहे, हे लिहा. नाही → सोयीचा नमुना, आणि तोही प्रश्नावली तपासण्यापुरताच.

दुसऱ्या ओळीवर मीरा-भाईंदरच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. पूर्ण शहराचा विषय घेतला की बरेच जण मतदार यादीकडे वळतात. ती चौकट चांगली आहे, पण शहराचा काही भाग १४५ मीरा-भाईंदर मतदारसंघात येत नाही, तो १४६ ओवळा-माजिवडामध्ये येतो. फक्त १४५ ची यादी घेतली तर त्या भागातल्या रहिवाशांची संधी शून्य होते. शिवाय १८ वर्षांखालील कोणी त्यात नसते, आणि गावाकडे नाव असलेले भाडेकरूही नसतात. दोन्ही मतदारसंघांतले शहराचे भाग घ्या आणि अहवालात ‘मीरा-भाईंदरचे नागरिक’ असे न लिहिता ‘मीरा-भाईंदरचे नोंदणीकृत मतदार’ असे लिहा.

आता तुमचा अहवाल. ‘यादृच्छिक नमुना’ हे दोन शब्द खोडून त्या जागी असा मजकूर लिहा : ‘संकुलातील ६४० सदनिकांची इमारत आणि मजल्याच्या क्रमाने यादी केली. १ ते ७ मधून यादृच्छिक आकडा ३ आला. तिथून दर सातवी सदनिका घेऊन ९२ सदनिका निवडल्या. बंद आढळलेल्या घरी पुन्हा तीन वेळा भेट दिली. ८१ कुटुंबांनी उत्तरे दिली. बदली घर घेतले नाही.’ तुमचे प्रत्यक्षातले आकडे यात भरा. एवढे वाचले की दुसरा कोणीही तुमची निवड पडताळून पाहू शकतो.

ते १४० फॉर्मही फेकू नका. त्यांतली उत्तरे वाचून ‘अपुरे’ म्हणजे लोक काय समजतात ते पाहा : कोणाला दिवसातून एकच तास पाणी येते, कोणाला दाब कमी मिळतो, कोणाच्या इमारतीला टँकर मागवावा लागतो. त्यावरून प्रश्नावलीतला हा एक प्रश्न तीन नेमक्या प्रश्नांत फोडा आणि मग त्या ९२ दारांवर जा.